ब्लॉक कुठल्या फांदीत आहे?

पहाटे साडेचारच्या सुमाराला 58 वर्षांच्या एका शेतकऱ्याला त्याच्या मुलानं जीपमधून आणलं. रात्री दीडपासून बेंबीच्या वर, पोटाच्या वरच्या भागात दाब आणि जळजळ होत होती. दोन उलट्या झाल्या होत्या आणि अंगाला दरदरून घाम सुटला होता. घरच्यांनी आधी पित्त म्हणून सोडा घातलेलं लिंबूपाणी दिलं. कळ थांबेना तेव्हा गाडी काढली. वाटेतल्या एका दवाखान्यात "हे हृदयाचं दिसतंय" असं बरोबर ओळखून त्यांच्या जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी ठेवली आणि पुढे पाठवलं. गोळीनंतर दहा मिनिटांत त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. आमच्याकडे पोचले तेव्हा हातपाय गार, नाडी मिनिटाला 42, बीपी 80/50. छातीला स्टेथोस्कोप लावला तर फुप्फुसं अगदी स्वच्छ वाजत होती. गळ्याच्या शिरा मात्र टरारून फुगलेल्या होत्या.

अटॅक आहे, हे ईसीजीची पट्टी काढायच्या आधीच कळत होतं. पण एवढ्यावर उपचार ठरत नाही. रक्तवाहिनीची कुठली फांदी बंद पडली आहे आणि ती नेमकी कुठे बंद पडली आहे, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. तीच गोळी, तीच सलाइनची बाटली एका रुग्णाला तारते आणि दुसऱ्याला धोक्यात घालते. या रुग्णाच्या बाबतीत मंद नाडी, खाली गेलेला बीपी, स्वच्छ फुप्फुसं आणि फुगलेल्या शिरा या चार गोष्टी मिळून एकाच जागेकडे बोट दाखवत होत्या. ती जागा कशी सापडते हे समजण्यासाठी आधी हृदयाला रक्त कसं मिळतं ते पाहू.

हृदयातून रोज हजारो लिटर रक्त जातं, पण त्यातलं जवळजवळ काहीच हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला थेट मिळत नाही. कालव्याच्या पुलावर उभं राहून शेत भिजत नाही, तसंच हे आहे. स्नायूपर्यंत रक्त पोचवायला वेगळ्या वाहिन्या आहेत. हृदयातून महाधमनी निघते, तिच्या अगदी मुळाशी, झडपेच्या लगेच वर दोन तोंडं असतात. एकातून उजवी करोनरी निघते, दुसऱ्यातून डावी. डावीचं खोड आखूड असतं, साधारण एक सेंटिमीटर लांब. ते लगेच दोन फांद्यांत फुटतं. एक हृदयाच्या पुढच्या बाजूनं खाली टोकापर्यंत उतरते, तिला सगळे एलएडी म्हणतात. दुसरी डावीकडून वळसा घालून मागे जाते, ती सर्कमफ्लेक्स. उजवी करोनरी, म्हणजे आरसीए, उजवीकडून वळसा घालत मागे पोचते. या वाहिन्यांची जाडी सुरुवातीला तीन-चार मिलिमीटर असते, म्हणजे आपल्या पेनातल्या रिफिलीएवढी किंवा थोडी जास्त.

पाटबंधारे खात्याचा एक शब्द मला इथे फार नेमका वाटतो : लाभक्षेत्र. प्रत्येक वितरिकेचं लाभक्षेत्र ठरलेलं असतं आणि वितरिका जिथे फुटते, तिथून खालची सगळी शेतं कोरडी पडतात. फुटलेल्या जागेच्या वरच्यांना पाणी मिळतच राहतं. करोनरीचं अगदी असंच आहे. शिवाय शेजारच्या चारीतून ऐन वेळी पाणी वळवून घ्यायची सोय इथे फारशी नसते. फांद्यांमध्ये बारीक जोडवाहिन्या असतात, पण त्या रुंद व्हायला वेळ लागतो. ब्लॉक हळूहळू वाढत गेला तर त्या तयार होतात. रात्री दीड वाजता एकाएकी गुठळी बसली, तर त्या सहसा पुऱ्या पडत नाहीत.

आता उजव्या करोनरीच्या वाटेनं चालत जाऊ. आपल्या रुग्णाची गोष्ट याच वाटेवर आहे.

महाधमनीतून निघाल्यावर ती वरचा उजवा कप्पा आणि खालचा उजवा कप्पा यांच्यामधल्या खोबणीत शिरते. सुरुवातीलाच, साधारण दहातल्या सहा माणसांत, ती एक बारीक फांदी हृदयाचा ठोका सुरू करणाऱ्या केंद्राला देते. उरलेल्यांत ही फांदी सर्कमफ्लेक्सकडून येते. थोडं पुढे गेल्यावर खालच्या उजव्या कप्प्याच्या भिंतीकडे जाणाऱ्या फांद्या निघतात. या कप्प्याचं काम शरीरातून आलेलं रक्त फुप्फुसांकडे ढकलणं. मग वाहिनी हृदयाच्या खालच्या काठावरून वळते आणि मागे चार कप्प्यांच्या चौकात पोचते. या चौकाजवळ तिच्या दोन महत्त्वाच्या फांद्या आहेत. एक वरून खाली जाणारा विजेचा संदेश जिथून पुढे पाठवला जातो त्या एव्ही नोडला जाते. दहातल्या आठ-नऊ माणसांत ती आरसीएतूनच निघते. दुसरी खाली उतरते आणि डाव्या कप्प्याची खालची भिंत, तसंच दोन्ही कप्प्यांमधल्या पडद्याचा मागचा तिसरा हिस्सा भिजवते. तिला पीडीए म्हणतात.

ही पीडीए कुणाकडून येते यावरून हृदय उजवं प्राबल्य असलेलं की डावं, हे ठरतं. सुमारे 80 ते 85 टक्के लोकांत ती आरसीएकडून येते. काही थोड्यांत सर्कमफ्लेक्सकडून आणि उरलेल्यांत दोघींकडून मिळून. अँजिओग्राफीच्या रिपोर्टमध्ये "राइट डॉमिनंट" असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एवढाच. कितीतरी लोक तो शब्द वाचून घाबरतात. तो आजार नाही, तुमच्या हृदयातल्या पाटांची मांडणी आहे.

हा नकाशा घेऊन आता रुग्णाकडे परत येऊ. ईसीजीच्या पट्टीवर बारा वेगवेगळ्या कोनांतून हृदय पाहिलेलं असतं. II, III आणि aVF हे तीन कोन हृदयाच्या खालच्या भिंतीकडे पाहतात. त्या तिन्हीत रेघ वर उचललेली होती, म्हणजे खालच्या भिंतीला रक्त पोचत नव्हतं. ही भिंत डायाफ्रॅमच्या पडद्यावर टेकलेली असते, पोटाच्या अगदी वर. या अटॅकमध्ये कळ छातीऐवजी पोटाच्या वरच्या भागात जाणवणं, मळमळ, उलटी हे जास्त होतं. पित्त समजून सोडा पाजण्यात घरच्यांची चूक नव्हती. शरीरच तशी खूण देत होतं. पण घाम फुटलेली आणि सोडा पिऊनही न थांबणारी पोटाची कळ, विशेषतः चाळिशीनंतर, ईसीजीशिवाय पित्त मानू नये.

खालच्या भिंतीला रक्त उजव्या करोनरीकडून मिळतं आणि काही जणांत सर्कमफ्लेक्सकडूनही. यातली नेमकी कुठली बंद आहे याची एक खूण पट्टीवर असते. III मधली रेघ II मधल्यापेक्षा जास्त वर असेल तर संशय उजवीवर. III हा कोन हृदयाच्या उजव्या बाजूकडे झुकलेला आहे, II डावीकडे. आमच्या रुग्णाची III जास्त वर होती. तरी हा नियम शंभर टक्के नाही. काहींच्या एलएडीचं टोक हृदयाच्या खालच्या टोकाला वळसा घालून मागे येतं आणि खालच्या भिंतीचा काही भाग भिजवतं. अशा माणसांत पट्टी फसवू शकते.

यानंतर आम्ही जे केलं ते नेहमीच्या बारा कोनांत नसतं. छातीवर डावीकडे लावायचा एक इलेक्ट्रोड काढून उजव्या बाजूला, पाचव्या फासळीखाली, तशाच जागी लावला. यालाच V4R म्हणतात. दोन मिनिटांचं काम. तिथेही रेघ उचललेली दिसली. याचा अर्थ खालच्या भिंतीबरोबर उजवा कप्पाही भुकेला होता. म्हणजे वाहिनी मागच्या चौकाजवळ नव्हे, तर त्याच्या बरीच आधी, उजव्या कप्प्याच्या फांद्या फुटण्यापूर्वीच बंद झाली होती. चौकाजवळ बंद पडली असती तर उजवा कप्पा वाचला असता, कारण त्याची चारी वरच्या भागातून निघते.

इथे त्या सॉर्बिट्रेटचा खुलासा होतो. ती गोळी शिरा सैल करते. सैल झालेल्या शिरांत रक्त थबकतं आणि हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. सर्वसाधारण अटॅकमध्ये यानं हृदयावरचा भार कमी होतो, आराम पडतो. पण ज्याचा उजवा कप्पा लुळा पडला आहे, त्याच्यात तो कप्पा स्वतः जोर लावू शकत नाही. मागून येणाऱ्या रक्ताच्या दाबावरच फुप्फुसांकडे रक्त जेमतेम सरकतं. गोळीनं तो दाबच काढून घेतला. उजवीकडून पुढे काही गेलं नाही, म्हणून डाव्या कप्प्यात भरायला काही उरलं नाही. पंप चालू, पण विहिरीत पाणी नाही, अशी अवस्था झाली. फुप्फुसं कोरडी, कारण रक्त तिथपर्यंत पोचतच नव्हतं. गळ्याच्या शिरा फुगलेल्या, कारण रक्त उजव्या कप्प्याच्या दाराशी साचलं होतं. त्या दवाखान्यात ज्यांनी गोळी दिली त्यांचा हेतू चांगलाच होता. पण बीपी पाहिल्याशिवाय आणि खालच्या भिंतीचा अटॅक नाही ना हे तपासल्याशिवाय ती देऊ नये, हे मात्र मला सगळ्यांना ठासून सांगायचं आहे. 90 च्या खाली वरचा बीपी असेल तर ती गोळी नकोच.

नाडी 42 का? कारण एव्ही नोडची फांदी त्याच वाहिनीच्या शेवटी आहे, तिलाही रक्त कमी पडत होतं. शिवाय खालच्या भिंतीत नाडी मंद करणाऱ्या मज्जातंतूंचं जाळं दाट असतं आणि ते चिडलं की नाडी आणि बीपी दोन्ही खाली येतात. पट्टीवर वरच्या कप्प्याचे ठोके आणि खालच्या कप्प्याचे ठोके एकमेकांशी जुळत नव्हते. घरच्यांना हे ऐकून धस्स होतं. पण उजव्या करोनरीमुळे आलेला हा अडथळा बहुतेक वेळा काही तासांत किंवा दिवसांत आपोआप सुटतो, कारण इथे नोडचा स्नायू सहसा मरत नाही, तो थोडा वेळ हतबल होतो. एलएडी बंद पडून असाच अडथळा आला तर त्याचा अर्थ अगदी वेगळा असतो. तिथे पडद्यातून खाली जाणाऱ्या तारा जळतात आणि पडद्याचा मोठा भाग निकामी झाल्याची ती खूण असते. नाडीचा एकच आकडा, पण फांदीनुसार त्याचं वजन बदलतं.

उपचार ठरले ते याच नकाशावरून. अॅस्पिरिन चावायला दिलं. नाडीसाठी अॅट्रोपिनचं इंजेक्शन दिलं. आणि सलाइनची बाटली जलद लावली, सुरुवातीला अर्धा लिटर, दर काही मिनिटांनी फुप्फुसं ऐकत. अर्ध्या तासात बीपी 104 वर आला, नाडी 66 झाली. आता समजा, हाच बीपी एलएडीच्या अटॅकमध्ये आला असता. एलएडी डाव्या कप्प्याची पुढची भिंत, टोक आणि पडद्याचा पुढचा दोन तृतीयांश हिस्सा भिजवते. ती सुरुवातीलाच, पहिल्या फांद्यांच्या आधी बंद पडली तर डाव्या कप्प्याचा साधारण निम्मा भाग धोक्यात येतो. मग बीपी पडतो तो डावा पंपच दुबळा झाल्यानं, आणि रक्त मागे फुप्फुसांत साचतं. असा रुग्ण उशी घेऊन बसलेला, धापा टाकणारा असतो, पाठीवर बुडबुड्यांचा आवाज येतो. त्याला तीच सलाइनची बाटली जलद दिली तर तो आपल्याच फुप्फुसांत बुडेल.

अँजिओग्राफीला घेतलं तेव्हा उजव्या करोनरीत रंग घातला आणि वाहिनी सुरुवातीपासून दीड-दोन सेंटिमीटरवर बुंधा तोडल्यासारखी थांबलेली दिसली. गुठळीतून बारीक तार पुढे गेली, फुगा फुगवला, 3.5 मिलिमीटरचा स्टेंट बसला. रंग चौकापर्यंत धावला तसा मॉनिटरवरचा ठोका आपोआप 80 वर आला.

एक आठवण इथे सांगाविशी वाटते. करोनरीत थेट रंग सोडण्याची पद्धतच एका अपघातातून आली. 30 ऑक्टोबर 1958 रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स एका तरुणाची महाधमनीची झडप तपासत होते. नळी महाधमनीत असल्याचं समजून त्यांनी रंग सोडला आणि नळी उजव्या करोनरीच्या तोंडात घसरलेली निघाली. तरुणाचं हृदय काही क्षण थांबलं. सोन्सनी त्याला खोकायला सांगितलं, खोकल्यानं रंग पुढे सरकला आणि ठोका परत सुरू झाला. त्या क्षणापर्यंत करोनरीत एवढा रंग गेला तर माणूस मरेल, असं मानलं जायचं. तो वाचला, आणि आज आपण तुमच्या-आमच्या हृदयाच्या फांद्या पडद्यावर पाहू शकतो.

सर्कमफ्लेक्सबद्दल एवढंच, पण काळजीपूर्वक वाचा. ती डाव्या कप्प्याची बाजूची आणि पाठीमागची भिंत भिजवते. नेहमीच्या बारा कोनांपैकी एकही थेट पाठीमागे पाहत नाही. त्यामुळे ती बंद पडली तरी पट्टीवर रेघ वर न उचलता छातीच्या पुढच्या कोनांत खाली दबलेली दिसते, किंवा काहीच ठळक दिसत नाही. कळ चालूच असेल तर पाठीवर, डाव्या खांद्याच्या फळीच्या खाली तीन इलेक्ट्रोड लावून V7 ते V9 घ्यावे लागतात. "पट्टी नॉर्मल आहे, घरी जा" हे वाक्य ऐकून घरी गेलेल्या आणि संध्याकाळी परत आलेल्या रुग्णांत या वाहिनीचा वाटा मोठा असतो. कळ असेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी पट्टी परत काढा, एवढं तरी मागा.

तीन दिवस आम्ही त्या शेतकऱ्यांच्या छातीवर कान लावून होतो. त्याचंही कारण नकाशात आहे. डाव्या कप्प्यातल्या झडपेला दोन स्नायूंचे खांब दोऱ्यांनी ओढून धरतात. पुढच्या खांबाला एलएडी आणि सर्कमफ्लेक्स दोन्हीकडून रक्त मिळतं, एक बंद झाली तरी दुसरी असते. मागच्या खांबाला मात्र बहुधा एकाच वाहिनीचा आधार, पीडीएचा. ती उपाशी राहिली तर काही रुग्णांत पहिल्या आठवड्यात हा खांब तुटतो, झडप गळायला लागते आणि अचानक धाप लागते. तेव्हा तातडीनं ऑपरेशन लागतं. त्यांच्यात तसं काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी इको केली तेव्हा उजवा कप्पा पुन्हा जोर लावताना दिसला. उजव्या कप्प्याची भिंत पातळ असते आणि तिला हृदय आकुंचन पावतानाही रक्त मिळतं, म्हणून रक्त वेळेत परत आलं तर तो आश्चर्यकारकरीत्या सावरतो. डाव्या कप्प्याच्या खालच्या भिंतीचा एक पट्टा मात्र नेहमीपेक्षा आळशी हलत होता. तीन तासांहून जास्त वेळ उपाशी राहिल्याची ती किंमत होती. स्नायू आतल्या थरापासून मरत बाहेर येतो, म्हणून प्रत्येक तास हिशोबात धरावा लागतो.

सुट्टी देताना मुलगा रिपोर्ट हातात घेऊन उभा होता. "डॉक्टर, अण्णांच्या एलएडीतही 40 टक्के ब्लॉक लिहिलाय. मग तिथेही स्टेंट नको का? ती तर मोठी वाहिनी म्हणता."

प्रश्न बरोबर होता आणि तो अनेकजण विचारायचं टाळतात. मी त्याला सांगितलं, 40 टक्के म्हणजे रुंदी तेवढी कमी झाली आहे. बसलेल्या, चालत्या माणसाला त्यातून रक्त पुरेसं जातं. साधारण 70 टक्क्यांच्या पुढे गेल्यावर श्रमाच्या वेळी तुटवडा पडू लागतो. फक्त डाव्या आखूड खोडात 50 टक्क्यांनाही आम्ही गंभीर धरतो, कारण त्याच्या खाली दोन्ही फांद्यांचं लाभक्षेत्र असतं. पण 40 टक्क्यांची चरबीची गाठ तडकून रात्रीतून गुठळी बसू शकते, आणि उजव्या बाजूला तसंच झालं असावं. म्हणून तिथे स्टेंट नाही, पण स्टॅटिनची गोळी मात्र रोज, कारण ती गाठ शांत ठेवते. तंबाखू त्या क्षणापासून बंद.

मुलानं रिपोर्टच्या पाठीमागे पेननं तीन फांद्या काढून घेतल्या, उजवीकडच्या फांदीवर एक बारीक चौकोन केला आणि पुढच्या फांदीवर 40 लिहिलं. पंधरा दिवसांनी तो अण्णांना तपासायला घेऊन आला, तेव्हा तोच कागद त्याच्या खिशात होता.